विमान तेच असलं तरी तिकीट कोणाच्या हातात आहे ते बघा

प्रश्न : आईबाबांना बहिणीकडे अमेरिकेला पाठवायचंय. एअरलाईनच्या साईटवर तिकीट पोर्टलपेक्षा २८०० रुपयांनी महाग दिसतंय. तारीख पुढेमागे होऊ शकते. पोर्टलवरून घेतलं तर असा काय फरक पडतो? विमान तर तेच ना?

उत्तर :

"विमान तर तेच ना" हे वाक्य आमच्या घरात माझ्या साडूचं आहे. दर दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर ऐकतो. म्हणून लिहायला बसलोय.

विमान तेच, पण पोर्टल म्हणजे एक ट्रॅव्हल एजन्सीच, आणि तिकिटाचा ताबा त्या एजन्सीकडे राहतो. पोर्टलवरून काढलेल्या तिकिटात एअरलाईनच्या लेखी तुम्ही फक्त प्रवासी असता आणि गिऱ्हाईक एजन्सी. तारीख बदलायला एअरलाईनला फोन केलात की गोड आवाजात सांगतात, तुमच्या एजंटशी बोला.

आमचं झालं असं. मेहुणीचं बाळंतपण मार्चमध्ये, न्यू जर्सीला. सासूसासऱ्यांची तिकिटं साडूने तिथूनच एका पोर्टलवर काढली, मुंबईहून आखातात विमान बदलून नेवार्क. जानेवारीत सासऱ्यांसाठी व्हीलचेअर टाकायची म्हणून मी एअरलाईनच्या साईटवर पीएनआर घालून बुकिंग उघडलं तर मुंबईचं विमान दोन तासांनी पुढे ढकललेलं. मधे विमान बदलायला तीन तास होते त्याचा जेमतेम एक तास उरलेला, त्यात व्हीलचेअरवरचा माणूस, परत सिक्युरिटी, गेट दुसऱ्या टोकाला. आणि हे आम्हाला कोणीच कळवलं नव्हतं. एअरलाईनने कळवलं होतं हो, पण बुकिंगमध्ये ईमेल आणि फोन एजन्सीचा होता, त्यामुळे निरोप त्यांच्याकडे जाऊन पडला.

एअरलाईन म्हणाली, वेळ आम्ही बदलली त्यामुळे मुंबईहून लवकर सुटणारं दुसरं विमान फुकट देऊ, पण बदल एजन्सीनेच करायचा. एजन्सी म्हणाली, बदलाचा चार्ज पडेल. साडू म्हणाला, भावजी तुम्ही टेन्शन घेऊ नका, मी बघतो. बरेच फोन झाल्यावर एजन्सीने ते लवकरचं विमान दिलं आणि छान रंगीत पीडीएफ पाठवली. साडूने ती फॅमिली ग्रुपवर टाकली, खाली अंगठे.

आता खरी गोष्ट. बुकिंग आणि तिकीट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बुकिंग म्हणजे त्या विमानात तुमच्यासाठी धरलेली जागा, त्याचा सहा अक्षरांचा पीएनआर. तिकीट म्हणजे पैसे भरल्याची नोंद, तिचा तेरा आकडी नंबर, पहिले तीन आकडे एअरलाईनचे. विमान बदललं की बुकिंगही बदलायचं आणि तिकीटही नव्याने इश्यू करायचं, तेव्हाच दोन्ही जुळतात. एजन्सीने बुकिंग बदललं आणि तिकीट तसंच सोडलं. म्हणजे हॉलची तारीख बदलून घेतली पण पावती जुन्याच तारखेची. पीडीएफ बुकिंगवरून तयार होते त्यामुळे ती बघून काही कळत नाही.

ऑनलाईन चेक-इन होईना तेव्हाच मला शंका आली होती. साडू म्हणे अमेरिकेच्या तिकिटाला असंच होतं, काउंटरवर कागद बघतात. (कधीकधी खरंच असं होतं, म्हणून मीही गप्प बसलो.) रात्री काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर बुकिंग दिसतंय पण तिकीट जुन्या वेळेच्या विमानाचं आहे, बोर्डिंग पास निघत नाही. सासरे व्हीलचेअरवर, सासूबाईंच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि मी त्याच एअरलाईनच्या तिकीट खिडकीवर. मूळ बदल एअरलाईनचाच होता आणि उड्डाण तोंडावर आलं होतं म्हणून त्यांच्या सुपरवायझरने तिथल्या तिथे तिकीट रिइश्यू करून दिलं. काउंटर बंद व्हायच्या बेतात असताना पास हातात आले. एजन्सीचा फोन तोवर म्युझिकच वाजवत होता.

यात तारीख आपल्या मनाने बदलायची नव्हती, तरी एवढं रामायण. तुम्हाला तर स्वतःहून बदलायचीय. तेव्हा तीन वेगवेगळे पैसे लागतात, एअरलाईनचा बदलाचा चार्ज, त्या दिवशीच्या भाड्यातला फरक आणि वर पोर्टलची स्वतःची फी. यातला भाड्याचा फरक सगळ्यात वाईट, कारण तो तिकीट रिइश्यू होईल त्या क्षणाच्या भाड्यावर ठरतो. एअरलाईनच्या साईटवर तुम्ही स्वतः बदल करता, समोर दिसतो तो आकडा लगेच भरता. पोर्टलवर "रिक्वेस्ट घेतली आहे" म्हणतात आणि त्यांचा माणूस हात लावेपर्यंत स्वस्तातल्या सीट गेलेल्या असतात. तुमचे २८०० तिथेच संपतात.

अजून एक, साडूला हे अजून पटत नाही. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांसाठी तिथल्या सरकारचा नियम आहे की प्रवासाला सात दिवस किंवा जास्त असतील तर बुकिंगपासून २४ तासांत फुकट रद्द करता यावं (किंवा एअरलाईनने त्याऐवजी तेवढा वेळ भाडं धरून ठेवावं). पण हे बंधन एअरलाईनवर आहे, पोर्टलवर नाही. काही पोर्टल स्वतःहून देतात, काही देत नाहीत. आपल्याकडेही विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमात नावातली चूक २४ तासांत फुकट दुरुस्त करायची सोय आहे ती एअरलाईनच्या साईटवरून थेट काढलेल्या तिकिटाला. आणि विमान रद्द झालं तर मिळणारी भरपाई, प्रवाशाने बुकिंग करताना नीट संपर्क दिला नसेल तर मिळत नाही. आता तिथे एजन्सीचा ईमेल असेल तर बसा भांडत.

पोर्टलचं "झिरो कॅन्सलेशन" वगैरे घ्यायच्या आधी अटी वाचा. ते पोर्टलचं स्वतःचं वचन असतं, एअरलाईनचा त्याच्याशी संबंध नाही, बहुतेक ठिकाणी पैशाला मर्यादा असते आणि तारीख बदलणं त्यात धरतीलच असं नाही.

तरीही पोर्टलवरूनच घ्यायचं असेल तर त्याच दिवशी एअरलाईनच्या साईटवर पीएनआर घालून बुकिंग उघडा आणि स्वतःचा ईमेल-मोबाईल टाका. पोर्टलचा बुकिंग नंबर तिथे चालत नाही, एअरलाईनचा पीएनआर वेगळा असतो, तो मागून घ्या. मग दर आठपंधरा दिवसांनी वेळा बघत जा. काही बदललं तर एजन्सीला "तिकीट रिइश्यू केलं का, तिकीट नंबर सांगा" एवढंच विचारा, पीडीएफवर समाधान मानू नका. सहसा रिइश्यू झालं की नंबर नवीन येतो. तो घेऊन एअरलाईनला फोन करून एकदा विचारा की तिकीट बुकिंगशी जुळतंय का. हे मात्र ते सांगतात.

आता दुसरी बाजू पण सांगतो नाहीतर साडू कमेंटमध्ये येईल. मुंबई-नागपूर एका बाजूचं तिकीट, तारीख पक्की, तर पोर्टलवर कार्डाची सूट घ्या, मीही घेतो. थेट घेतलं तरी स्वस्तातल्या भाड्यात बदल महागच पडतो, त्या भाड्याचे नियम आधी वाचावेच लागतात. आणि एजंट म्हटला की सगळे वाईट असंही नाही. आमच्या डोंबिवलीतला एजंट तिकिटामागे थोडे जास्त घेतो पण रात्री अकराला फोन उचलतो आणि रिइश्यू स्वतः करून नंबर व्हॉट्सअॅप करतो. सासूसासऱ्यांचं या वर्षीचं तिकीट त्याच्याकडूनच काढलंय. पैसे मी भरलेत, त्यामुळे साडूला विचारायचा प्रश्न आला नाही.