शेवटच्या नळाला क्लोरीन मिळत नाही, बूस्टर कुठे बसवू?

पुण्यात आमच्या टेकडीकडच्या भागात टाकीच्या आउटलेटला क्लोरीन लिटरला ०.८ मिलिग्रॅम येतं, शेवटच्या गल्लीत ०.१. बूस्टर डोसिंग नक्की कुठे करावं?

आधी मधल्या चार-पाच ठिकाणी मोजा. नमुना थेट लाइनच्या नळाचा घ्या, गच्चीवरच्या टाकीचा नको. पाणी आल्यावर पाच मिनिटं वाहू द्या आणि क्लोरीन मोजायची डीपीडी गोळी टाकून तिथेच वाचा. बाटली ऑफिसात नेलीत तर वाटेतच क्लोरीन उडतो.

आकडा हळूहळू उतरत असेल तर ०.२ च्या खाली जाण्याआधीच्या जमिनीखालच्या संप टाकीत डोस द्या. २० लाख लिटरला ०.४ वाढवायचं तर ८०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे १० टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ८ लिटर. (जुन्या कॅनची ताकद उतरलेली असते.)

दोन नळांमध्येच ०.६ वरून ०.१ झालं, तर बूस्टर राहू द्या. तिथे ड्रेनेजजवळची गळती शोधा.