नाक्यावरची मजुरी, गावची शेती आणि दाखल्यावरचा आकडा

प्रश्न: मी मालाडला राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. वडील नाक्यावर रंगकाम करतात, काम मिळालं तर दिवसाला ७५० रुपये. आई लोकांच्या घरी काम करते, महिन्याला ५,००० मिळतात. लातूरकडे आजोबांची दोन एकर सामाईक जमीन आहे, काका कसतात. गेल्या वर्षी एजंटने वडिलांची सही घेऊन ६०,००० चा उत्पन्नाचा दाखला काढून दिला. आता कॉलेजने नवा दाखला मागितलाय. दोघांच्या महिन्याच्या मिळकतीला १२ ने गुणलं तर शिष्यवृत्तीच्या अडीच लाखांच्या मर्यादेवर जातं. शेजारी म्हणतात, शेतीचं दाखवायचंच नसतं. किती लिहू?

उत्तर: दाखला कुठे मिळतो, अर्ज कसा भरतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. तुमच्यासारखी पत्रं दर वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की येतात आणि जवळजवळ प्रत्येकात 'किती लिहू' हाच शब्दप्रयोग असतो. जणू आकडा आपण ठरवायचा असतो. तो ठरवायचा नसतो, मोजायचा असतो. तुमच्या प्रकरणात तर न मोजल्याने दोन्हीकडून नुकसान आहे: एजंटचा आकडा खोटा, आणि तुमचा स्वतःचा गुणाकारही चुकीचा.

या शिष्यवृत्तीच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमधलं एक कलम आधी वाचा. खोटी माहिती देऊन शिष्यवृत्ती घेतल्याचं आढळलं, तर ती तत्काळ रद्द होते, दिलेली रक्कम वसूल होते आणि त्या विद्यार्थ्याचं नाव काळ्या यादीत जाऊन त्याला पुढे कोणत्याही योजनेची शिष्यवृत्ती कधीच मिळत नाही. सही वडिलांची, हुशारी एजंटची आणि दारं बंद होतात ती तुमची. बाकी सगळे प्रश्न या कलमापुढे दुय्यम आहेत. कोऱ्या स्वयंघोषणापत्रावर सही देताना घरातल्या एकानेही ते वाचलं नाही, याचा मला खरोखर राग येतो. तो कागद मराठीत असतो आणि माहिती खोटी आढळल्यास कारवाईला पात्र राहीन, असं त्यावर लिहिलेलं असतं.

आता मोजणी. दोन शब्द धरून ठेवा: 'मागील आर्थिक वर्ष' आणि 'सर्व मार्गांनी'. २०२५-२६ मध्ये दाखला काढत असाल, तर हिशेब १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चा. या महिन्यात वडिलांना किती काम आहे, याचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही ७५० ला २६ दिवसांनी आणि मग १२ महिन्यांनी गुणलंत. ते २,३४,००० होतात. त्यात आईचे ५,००० प्रमाणे १२ महिन्यांचे ६०,००० धरले की २,९४,०००, म्हणजे अडीच लाखांची मर्यादा ओलांडली. पण रंगाऱ्याला जुलैत २६ दिवस काम कोण देतं? मुंबईच्या पावसात बाहेरची रंगकामं बंद असतात, आणि नाक्यावर उभं राहून दुपारी घरी परत येणं ही मिळकत नव्हे.

महिना महिना घेऊन बसा. वडिलांना आठवत नाही म्हणाल तर आठवण करून देणाऱ्या गोष्टी घरात असतात. मुकादमाने मोबाईलवरून पाठवलेले पैसे बँकेच्या पासबुकात दिसतात. बऱ्याच घरांत बाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर कामाच्या दिवसांना खूण करते. गावी गेल्याचे दिवस, आजारपण, लग्नकार्य हे सगळ्यांना आठवतं. समजा हिशेब असा निघाला: एप्रिल-मे मिळून ३२ दिवस, कारण मे मध्ये गावी गेले होते. जून ते ऑगस्ट तीन महिन्यांत २६. सप्टेंबर-ऑक्टोबर ३८, गणपती आणि दिवाळीच्या आधी घरं रंगवतात म्हणून. नोव्हेंबर १६. डिसेंबर ते मार्च ७४. एकूण १८६ दिवस. ७५० ने गुणले की १,३९,५००. हे दिवस मी उदाहरणासाठी धरलेत, ते उतरवून घेऊ नका. तुमचे तुम्ही मोजा.

आईचं सोपं आहे. महिन्याला ५,००० मिळतात आणि एक महिना गावी गेल्याने पगार कापला गेला असेल, तर ११ महिन्यांचे ५५,००० लिहा.

शेतीबाबत शेजारी दोन खऱ्या गोष्टी मिसळून तिसरी खोटी सांगत आहेत. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं. इतर मागासवर्गीयांच्या नॉन क्रीमीलेअर दाखल्यासाठी उत्पन्नाची कसोटी लावताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, हेही खरं. पण तुमच्या शिष्यवृत्तीत आई-वडिलांचं सर्व मार्गांनी मिळणारं उत्पन्न धरतात आणि त्यात शेती येते. करमाफी वेगळी, उत्पन्न नसणं वेगळं.

मात्र शेतीचं उत्पन्न म्हणजे बाजारात माल विकून आलेली पूर्ण रक्कम नव्हे, आणि दोन एकरांचा सातबारा म्हणजे सगळी जमीन वडिलांची असंही नव्हे. काकांकडून आडत्याची पट्टी मागवा. समजा सोयाबीन ९ क्विंटल झालं आणि ४,१०० च्या भावाने ३६,९०० आले. बियाणं, खत, फवारणी, पेरणी, काढणी, मळणी मिळून २१,९०० गेले. उरले १५,०००. आजोबा आणि दोन मुलं असे तीन वाटे पडत असतील, तर वडिलांच्या वाट्याला ५,०००. काका वाटा देतच नसतील, तर तसं स्पष्ट लिहा आणि सातबारा जोडा. जमीन आजोबांच्याच नावावर असेल आणि वडिलांना काही मिळत नसेल, तर माझ्या मते ते वडिलांचं उत्पन्न धरू नये. पण चौकशी करणारा तलाठी वेगळं मत घेऊ शकतो. म्हणूनच जमीन लपवायची नाही. 'जमीन आहे, उत्पन्न मिळत नाही' हे लेखी सांगणारा माणूस सुरक्षित असतो.

बेरीज करा: १,३९,५००, ५५,००० आणि ५,०००, म्हणजे १,९९,५००. अडीच लाखांच्या आत. भीतीने खोटा आकडा लिहिण्याची गरजच नव्हती.

या बेरजेतून प्रवासखर्च किंवा घरभाडं वजा करू नका. शेतीचा लागवडखर्च वजा होतो, घर चालवण्याचा होत नाही. ब्रश आणि शिडी वडील स्वतःची वापरत असतील, तर त्या खर्चाबद्दल वाद घालता येईल, पण मर्यादेच्या आत असताना तो वाद उकरू नये. वडिलांची बांधकाम कामगार म्हणून नोंदणी असेल, तर तिथला ९० दिवसांचा दाखला कामाचा पुरावा म्हणून जोडा. फक्त तो किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला आहे. वर्षात ९०च दिवस काम केलं असं त्याच्या आधारे दाखवायला जाऊ नका. बरेच जण नेमकं हेच करतात आणि मग पासबुक त्यांना खोटं पाडतं.

हा महिनावार तक्ता एका कागदावर लिहून वडिलांनी तारखेसह सही करावी आणि तो स्वयंघोषणापत्राला जोडावा. तलाठी जबाब घेतील तेव्हा वडिलांना त्यातले आकडे तोंडी सांगता आले पाहिजेत. पुढे कुणी म्हणालं की वर्षात २०० दिवस भरले होते, तरी हा कागद उपयोगी पडतो. कारण खोट्या घोषणेचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३६ प्रमाणे, विधान नुसतं चुकलं म्हणून होत नाही. ते खोटं आहे हे करणाऱ्याला माहीत असावं लागतं, किंवा ते खरं आहे यावर त्याचा विश्वास नसावा लागतो, आणि ते महत्त्वाच्या मुद्द्याबाबत असावं लागतं. प्रामाणिक अंदाजात आणि रचलेल्या आकड्यात फरक इथेच पडतो. महाडीबीटीच्या अर्जात मग दाखल्यावरचाच आकडा आणि दाखल्याचाच क्रमांक टाका. तिथे 'गोल' आकडा लिहिलात तर अर्ज परत येतो.

गेल्या वर्षीच्या ६०,००० चं काय? त्या दाखल्याचा आधार २०२३-२४ चा असणार. आधी त्या वर्षाचाही असाच तक्ता करा, मगच तोंड उघडा. खरं उत्पन्न त्या वर्षीही अडीच लाखांच्या आत असेल, तर शिष्यवृत्तीला तुम्ही पात्रच होता आणि सरकारकडून अपात्र लाभ घेतला, असं म्हणणं कठीण जाईल. खोट्या विधानाचा प्रश्न तरी उरतो, पण त्याची धार बरीच कमी होते. अशा वेळी मी अशिलांना नवा दाखला खऱ्या आकड्यावर काढायला आणि त्यासोबत कॉलेजला साधं पत्र द्यायला सांगतो: मागील वर्षी उत्पन्नाचा हिशेब नीट न करता दाखला काढला गेला, त्या वर्षाचा प्रत्यक्ष हिशेब सोबत जोडला आहे, तो मर्यादेत आहे. पत्राची पोच घ्या. ६०,००० वरून थेट दोन लाख पाहून कुणी शंका काढण्याआधी खुलासा तुमच्याकडून गेलेला बरा. यावर कोण काय भूमिका घेईल, याची हमी मी देऊ शकत नाही.

पण २०२३-२४ चा खरा आकडा अडीच लाखांच्या वर निघाला, तर हे पत्र देऊ नका. तेव्हा आधी वकिलाला प्रत्यक्ष भेटा. पैशांची अडचण नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

शेवटचा मुद्दा वेळेचा, कारण यातच दर वर्षी मुलं अडकतात. उत्पन्नाचा दाखला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे आणि तो १५ दिवसांत द्यावा लागतो. अर्जाची पोच घ्या, तिच्यावर क्रमांक असतो. १५ दिवस उलटले किंवा अर्ज फेटाळला, तर प्रथम अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत अपील करता येतं. विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण अपील चालू असताना शिष्यवृत्तीची अंतिम तारीख तुमच्यासाठी थांबत नाही. ती पुढे ढकलली जाईल या आशेवर शेवटच्या आठवड्यात अर्ज करणाऱ्यांना मी काहीही मिळवून देऊ शकत नाही. तक्ता या रविवारी करा, वडील घरी असतील तेव्हा. सोमवारी अर्ज टाका, आणि या वेळी एजंटकडे नव्हे, वडिलांना सोबत घेऊन सेतू केंद्रात जा.