साडेतीन किलोचे बावीस किलो कसे झाले?

नमस्कार मॅडम, मी धायरीला राहते. घरी बांबूचे आकाशकंदील करते, घर त्यावरच चालतं. मागच्या आठवड्यात नागपूरच्या एका दुकानदाराला आठ खोकी पाठवली. सगळी एकाच मापाची, रविवार पेठेतून आणलेली, भरून प्रत्येकी 3.4 किलो. ॲपवरून बुकिंग केलं, तिथे फक्त वजन विचारलं. किलोला 42 रुपये दर, 4 किलोच्या हिशेबाने आठ खोक्यांचे जीएसटीसकट 1,585.92 रुपये कापले गेले. चार दिवसांनी वॉलेटमधून आणखी 5,897.64 गेले. तपशिलात पाच खोकी 17 किलो आणि तीन खोकी 22 किलो दाखवली आहेत. फोन केला तर म्हणाले, व्हॉल्युमेट्रिक आहे, सिस्टिमने घेतलंय. काट्यावर नसलेलं वजन माझ्याकडून कसं घेतात? सगळे पैसे परत मिळतील का?

ताई, तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या जागी खर्च होतोय. काट्यावरचं वजन आणि आकाराचं वजन यांतलं जे जास्त असेल त्यावर पैसे घेणं बेकायदेशीर नाही. हलकं पण मोठं खोकं गाडीत जागा अडवतं आणि कुरिअरवाला ती जागा विकतो. खासगी कुरिअरचे दर सरकार ठरवून देत नाही, त्यामुळे काय घ्यायचं ते तुमच्यातल्या करारावर ठरतं. म्हणून ‘काट्यावर 3.4 किलो भरलं’ हा मुद्दा घेऊन गेलात तर पहिल्याच उत्तरात हराल. स्वयंपाकघरातल्या काट्याचा फोटो पाठवू नका, वजनाबद्दल वाद नाहीच.

वाद आहे तो 17 आणि 22 मध्ये.

लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि आलेल्या आकड्याला एका ठरावीक संख्येने भागायचं, की घनफळी, म्हणजे त्यांच्या भाषेत व्हॉल्युमेट्रिक, वजन येतं. ही भागायची संख्या बऱ्याच ठिकाणी 5000 असते, काही जण 4000 किंवा 4500 धरतात, विमानाने जाणाऱ्या मालाला 6000 चं जुनं प्रमाण आहे. संख्या जितकी लहान तितकं वजन जास्त. कायद्याने एकच संख्या ठरवून दिलेली नाही, पण तुमच्या करारात ती कोणती होती, हे तुम्हाला कळलंच पाहिजे.

आता तुमचं खोकं घेऊ. तुम्ही मेलसोबत दुकानाचं बिल जोडलं आहे, त्यावर माप 18 × 18 × 16 इंच आहे. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, म्हणजे खोकं 45.72 × 45.72 × 40.64, घनफळ सुमारे 84,950 घन सेंटिमीटर. 5000 ने भागा: 16.99, पुढचा पूर्ण किलो 17. 4000 ने भागा: 21.24, पुढचा पूर्ण किलो 22.

दोन्ही आकडे तुमच्या तपशिलात बिनचूक सापडतात. योगायोग असू शकतो, पण माझा अंदाज असा की तीन खोकी ॲपने दुसऱ्या कुरिअर कंपनीकडे दिली आणि तिचा हिशेब 4000 चा आहे. दुसरी शक्यता मोजण्यातल्या चुकीची. पण 5000 च्या हिशेबाने 22 किलो यायला घनफळ 1,05,000 च्या वर जायला हवं. म्हणजे खोकं प्रत्येक बाजूने तीन सेंटिमीटरहून जास्त फुगलेलं पाहिजे, किंवा नुसती उंचीच जवळजवळ दहा सेंटिमीटर वाढलेली पाहिजे. कंदील कोंबले की खोक्याचं पोट येतं, खरं आहे, आणि स्कॅनर सगळ्यात फुगीर जागा धरतो. पण पोट बाजूला एखादा सेंटिमीटर येतं. तेवढ्याने आकडा 18.2 पर्यंत गेला असता, आणि तोही सगळ्याच खोक्यांचा थोडाफार गेला असता.

हे कसं ओळखायचं? मोजून घेतलेली तीनही मापं मागायची. तिन्ही 22 वाल्या खोक्यांची मापं बाकीच्या पाचांसारखीच निघाली तर भागायची संख्या बदलली. मापंच मोठी निघाली तर मोजणीत चूक. नुसतं ‘सिस्टिमने घेतलंय’ हे उत्तर नव्हे. मापं आणि फोटो दिल्याशिवाय फरकाचं वजन सिद्ध झालं असं मी तरी धरणार नाही, आणि ग्राहक आयोगही सहसा धरत नाही.

पैशांत हा भाग लहान आहे, ते आधीच सांगते. तीन खोक्यांचे प्रत्येकी 5 किलो, एकूण 15 किलो, 42 रुपयांनी 630, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 743.40 रुपये. उरलेले 5,154.24 हे 4 किलोवरून 17 किलोवर जाण्याचे आहेत. ते मिळणं वेगळ्या प्रश्नावर अवलंबून आहे: बुकिंगच्या वेळी ॲपने तुम्हाला काय दाखवलं?

तुम्ही लिहिलंय की फक्त वजन विचारलं. बहुधा तसं नसावं. आजच परत एक बुकिंग सुरू करा, पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत जा आणि सगळ्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग करून बाहेर पडा. लांबी-रुंदी-उंचीचे रकाने असतील आणि त्यात आधीपासून 10 × 10 × 10 भरलेलं असेल, जे तुम्ही न बघता पुढे ढकललंत, तर कंपनी म्हणेल की ग्राहकाने चुकीची मापं दिली. मग मोठ्या रकमेची बाजू पातळ होते. माझ्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत हा रकाना नेहमीचा खड्डा असतो. मात्र रकानेच नसतील, आणि घनफळी वजनाची अट एखाद्या लिंकमागे चौथ्या पानावर असेल, तर चित्र पालटतं.

कारण 2023 साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ॲपवर ग्राहकाला चकवणाऱ्या युक्त्या, रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. त्यांत ‘ड्रिप प्रायसिंग’ नावाचा एक प्रकार आहे: किमतीतला भाग आधी न सांगणं, किंवा बुकिंग करताना दाखवलेल्या रकमेपेक्षा नंतर जास्त घेणं. तुमची तक्रार त्या चौकटीत बसते. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(9) मध्ये सेवेच्या किमतीची माहिती मिळण्याचा हक्क स्पष्ट आहे. समोरचे याला उत्तर म्हणून ‘अटी मान्य’ या खुणेकडे बोट दाखवतील. सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या प्रकरणात सही केलेल्या कुरिअर पावतीवरच्या अटी बंधनकारक धरल्या आहेत, ते हा निकाल दाखवतील. म्हणून तुमचं म्हणणं ‘अट अन्यायकारक आहे’ असं न मांडता ‘ही अट आणि ही संख्या मला दिसेल अशी सांगितलीच नव्हती’ असं मांडा. याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे: ‘अन्यायकारक करार’ हा शब्द अर्जात आला की ते प्रकरण जिल्हा आयोगाच्या कक्षेबाहेर राज्य आयोगाकडे जातं. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे दोनच शब्द वापरा.

तुम्ही ‘ग्राहक’ आहात का, हा आक्षेप येणारच, कारण माल विकायला पाठवला. धंद्यासाठी घेतलेली सेवा या कायद्यातून वगळली आहे. पण पोटापाण्यासाठी स्वतः राबून केलेला व्यवसाय त्यातून सुटतो, आणि सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात ते नीट समजावलं आहे. अर्जात लिहाच: घरातून काम करते, स्वतः करते, घर यावर चालतं. दिवाळीत मदतीला दोघीतिघी येत असतील तर तेही लिहा, लपवू नका.

आता क्रम. वजनावर हरकत घेण्याची मुदत कंपन्यांच्या अटीत छोटी असते, कित्येक ठिकाणी सातच दिवस. तुमची किती ते आज बघा आणि ॲपमध्येच प्रत्येक ट्रॅकिंग नंबरावर वेगळी हरकत नोंदवा. मुदत गेली तरी घाबरू नका, ठरावीक दिवसांत दाद न मागितल्यास हक्कच संपतो अशी अट भारतीय करार कायद्याच्या कलम 28 प्रमाणे टिकत नाही. पण आयोगापुढे ‘वेळेवर हरकत घेतली’ असं म्हणता आलेलं बरं.

त्याच दिवशी मेल करा, आणि फोनवर बोलणं बंद करा. मजकूर साधा ठेवा:

“माझ्या आठ सारख्या मापाच्या पार्सलपैकी पाचांचं आकारणी वजन 17 किलो आणि तीनांचं 22 किलो लावलं आहे. प्रत्येक पार्सलची मोजलेली लांबी, रुंदी, उंची, मोजणीचा फोटो, वापरलेला भाजक आणि बुकिंगच्या तारखेचं दरपत्रक पाठवावं. हे न मिळाल्यास तीन पार्सलवरची जादा आकारणी 743.40 रुपये परत करावी. उरलेल्या 5,154.24 रुपयांवरची हरकत राखून ठेवत आहे.”

सोबत खोक्याच्या दुकानाचं बिल जोडा. एखादं रिकामं खोकं उरलं असेल तर तीन बाजूंना मेजरटेप लावून फोटो काढा. पुढच्या वेळी भरलेल्या खोक्याचे हेच तीन फोटो लेबल दिसेल असे काढून ठेवा. नागपूरच्या दुकानदाराकडे खोकी अजून असतील तर त्याला आजच फोन करा, कारण 22 किलोचं लेबल असलेलं खोकं तिथे मोजून मिळालं तर त्याहून मोठा पुरावा नाही.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. 743 रुपयांसारखी रक्कम बऱ्याचदा तिथेच सुटते. तेवढ्यासाठी आयोगात जाऊ नका, असं मी माझ्या घरच्यांनाही सांगेन. रकाने नव्हते हे स्क्रीन रेकॉर्डिंगमधून निघालं, तर मात्र पूर्ण 5,897.64 साठी ई-जागृती पोर्टलवर जिल्हा आयोगात अर्ज करा. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षं. अटीत ‘फक्त अमुक शहरातील न्यायालय’ असं लिहिलं असलं तरी तुम्ही पुण्यात राहता म्हणून इथेच अर्ज करू शकता. पैसे तुम्ही ॲपवाल्याला दिलेत, म्हणून पहिला प्रतिवादी तोच, आणि ज्या कंपनीने खोकी नेली ती दुसरी. ‘मोजलं त्यांनी, आमचा संबंध नाही’ असं म्हणायची वाट त्याने बंद होते.