लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला आई-बाबांबद्दल काय बोलावं?

प्रश्न: आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. हॉलमध्ये ऐंशीएक माणसं असतील, मला पाच मिनिटं बोलायचंय. घरातला एकच मोठा किस्सा सांगू की चार-पाच छोट्या आठवणी?

उत्तर: एकच किस्सा सांगा, पण असा की ज्यात दोघंही काहीतरी करतायत.

छोट्या आठवणी काढायला बसलं की बहुतेक वेळा एक आईची निघते, मग एक बाबांची. आईने रात्रभर जागून शिवलेला फ्रॉक, बाबांनी शिकवलेली सायकल. सगळ्या खऱ्या आणि गोड, पण त्या तुमच्या आणि आईच्या, नाहीतर तुमच्या आणि बाबांच्या असतात. त्या दिवशी कौतुक त्या दोघांच्या जोडीचं आहे. म्हणून प्रत्येक आठवण एकदा तपासा: दोघांपैकी एकाला काढून टाकलं तरी ती तशीच उभी राहते का? राहत असेल तर ती त्यांच्या पंचाहत्तरीला ठेवा. शिवाय प्रत्येक आठवणीला कुठे, कधी, कोण हे सांगावं लागतं. पाच आठवणी म्हणजे पाच प्रस्तावना, आणि हसतात फक्त ज्यांना संदर्भ माहीत आहे ते.

आमच्याकडे गेल्या वर्षी हाच कार्यक्रम झाला. मी २६ जुलै २००५ ची, मुंबईतल्या त्या महापुराची रात्र निवडली. बाबांचं ऑफिस अंधेरीला, घर ठाण्यात. गाड्या बंद, फोन लागेना. बाबा ऑफिसातल्या दोघांबरोबर चालत निघाले: जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने पवई, कांजूरमार्ग, मग एलबीएस रोडने मुलुंड आणि ठाणे. इकडे आईला स्टेशनजवळ अडकलेल्या तीन मुली दिसल्या, कर्जतकडच्या. तिने त्यांना घरी आणलं, कोरडे कपडे दिले, मेणबत्तीच्या उजेडात पिठलं-भात केला. सकाळी बाबांनी बेल दाबली तर दार एका अनोळखी मुलीने उघडलं आणि विचारलं, ‘कोण हवंय आपल्याला?’ बाबा म्हणाले, ‘मी इथेच राहतो.’ तेवढ्यात आतून आई आली. बाबांच्या कंबरेपर्यंत चिखल, हातात पिशवी. तिचं पहिलं वाक्य: ‘डबा आणलात ना?’ आणला होता. पाण्यातून रात्रभर डोक्यावर धरून आणला होता.

हा किस्सा चालला याचं एक कारण असं की समोरच्या प्रत्येकाची स्वतःची २६ जुलै होती. ९४४ मिलिमीटरचा आकडा सांगायची गरजच पडली नाही. ‘त्या दिवशी’ म्हटल्याबरोबर काका-मावश्या माना डोलवायला लागल्या. तुमच्या घरात असा प्रसंग शोधा ज्यात पाहुण्यांचाही थोडा वाटा आहे: गावचं घर बांधलं तेव्हाचा, एखाद्या आत्याच्या लग्नातला, सगळे एकत्र राहत होते त्या वर्षातला.

किस्सा ठरला की आई आणि बाबांना वेगवेगळं विचारा. तपशील जुळणार नाहीत. बाबा म्हणतात सहाला पोचलो, आई म्हणते साडेआठ वाजून गेले होते. मी दोन्ही वेळा सांगितल्या, आणि तिथे दोघं खुर्चीतूनच वाद घालायला लागले. असा मतभेद मिटवू नका, तो भाषणातच ठेवा. नाहीतर कुणीतरी मामा मध्येच उठून दुरुस्ती करतो आणि लय तुटते. पैशांची अडचण, आजारपण किंवा सासरचं भांडण यातलं काही असेल तर मात्र दोघांची परवानगी आधी घ्या, मग ‘सरप्राइज’ राहिलं नाही तरी चालेल.

लिहून काढाल तर चारशे-साडेचारशे शब्द पुरे. सावकाश वाचलं की चार मिनिटं होतात, पाचवं हसण्यात जातं. सुरुवात ‘आज या मंगल प्रसंगी’ने करू नका, थेट पावसात उतरा. लग्नाचं साल, मुलं-नातवंडं हे सगळं निवेदक सांगतोच. ओवाळणी झाल्यावर आणि पानं वाढायच्या आधी बोला. एकदा ताटं मांडल्याचा आवाज आला की कुणाचं लक्ष राहत नाही.

छोट्या आठवणी एका परिस्थितीत चांगल्या: भावंडं तीन-चार असतील आणि प्रत्येकाला बोलायचं असेल तर. तेव्हा प्रत्येकाने एकच सांगावी, मिनिटभराची, आणि सगळ्या एकाच जागेच्या असाव्यात, जुन्या चाळीतल्या खोलीच्या म्हणा.

शेवटचं वाक्य तेवढं पाठ करा, कागदात बघून म्हणू नका. मी डब्याचं वाक्य आईकडे बघून म्हटलं, हसू ओसरेपर्यंत थांबले, मग पियूषचा ग्लास उचलून ‘आई-बाबांसाठी’ एवढंच म्हटलं आणि सगळ्यांनी ग्लास उचलले. त्यानंतर एक शब्दही जोडू नका, माइक लगेच पुढच्याच्या हातात द्या.