विमान डोक्यावरून गेलं, धडाम मात्र नंतर

प्रश्न: सुपरसॉनिक विमानाचा धमाका जमिनीवर नक्की कुठे ऐकू येतो? बरोब्बर खाली का?

नाही, बराच मागे. कॉन्कॉर्डचंच घ्या, माक २ म्हणजे आवाजाच्या दुप्पट स्पीड, उंची साधारण १८ किमी. विमानामागे धक्क्याच्या लहरींचा शंकू तयार होतो, त्याचा अर्धकोन μ हा sin μ = 1/M वरून काढायचा, M म्हणजे माकचा आकडा, म्हणजे sin μ = ०.५, μ = ३०°. आता १८ ला tan ३०° नं भागा, ३१ किमी येतात, म्हणजे शंकू जमिनीला टेकतो तो विमानाच्या ३१ किमी मागे, आणि तिथं उभ्या माणसाला विमान डोक्यावरून गेल्यावर जवळपास ५० सेकंदांनी धडाम ऐकू येतं, तेही बहुतेक वेळा डबल, एक नाकाचा एक शेपटीचा.

अर्थात हा सरळ रेषेचा हिशोब झाला. खाली हवा गरम, आवाज तिथं जास्त वेगानं जातो, त्यामुळे शंकू जमिनीजवळ थोडा उघडतो आणि अंतर जरा कमी भरतं. बाजूला तिरके गेलेले आवाजाचे किरण तर याच कारणानं वर वळतात, म्हणून जमिनीवर धमाका ऐकू येतो त्या पट्ट्याला कडा असते, त्याबाहेर धमाका पोचतच नाही.

आणि हो, 'साउंड बॅरियर तोडताना एकदाच आवाज होतो' हे चूक, विमान सुपरसॉनिक आहे तोवर हा पट्टा मागून सरकतच राहतो, फक्त प्रत्येक गावाला तो एकदाच ऐकू येतो.