ओटीचा वापर आणि उशिरा सुरू होणाऱ्या केसेस नोंदींवरून कशा मोजायच्या?

प्रश्न: आमच्या हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये ओटीच्या वेळा असतात. ओटी किती टक्के वापरली जाते आणि पहिली केस किती उशिरा लागते, हे एक्सेलमध्ये कसं काढू? मॅनेजमेंटला उशीर कमी करायचाय.

उत्तर: आधी कुठली वेळ धरायची ते ठरवा. सर्जन म्हणतील चाकू लावला ती सुरुवात, भूलतज्ज्ञ म्हणतील भूल दिली ती. वापर मोजायला पेशंट ओटीत आला आणि ओटीतून बाहेर गेला या दोन वेळा घ्या, कारण तेवढा वेळ ती खोली दुसऱ्या कोणाला देता येत नाही.

समजा ओटी ९ ते ५ म्हणजे ४८० मिनिटं आहे. केसेस झाल्या ९:३५ ते ११:२०, ११:५५ ते १:४० आणि २:२० ते ४:००. पेशंट आत होते ३१० मिनिटं, म्हणजे वापर ६५ टक्के. मधली साफसफाई आणि मांडणीची ७५ मिनिटं धरली तर ८० टक्के. दोन्ही आकडे बरोबरच आहेत, फक्त कुठला सांगताय ते लिहा. आता उरलेला वेळ बघा: सकाळचा उशीर ३५ मिनिटं, पण चारनंतर ओटी रिकामी ६० मिनिटं. ओरडा सकाळच्या उशिराचा होतो, मोठं भोक मात्र संध्याकाळी असतं. चौथी केस रद्द झाली की लिस्टच तेवढी होती, ते रद्द केसेसच्या नोंदीत सापडेल.

पाचनंतर चाललेली मिनिटं वापरात मिळवू नका. वरच्याच दिवशी साडेचारला आणखी एक केस घेतली आणि ती सहाला संपली, तर त्यातली ३०च मिनिटं वापराची, बाकी ६० ओव्हरटाइम. नाहीतर ७१ टक्क्यांचे ८३ होतात आणि सगळे खूश. D मध्ये आत आल्याची, E मध्ये बाहेर गेल्याची वेळ आणि G1, H1 मध्ये ओटीची ठरलेली वेळ असेल, तर मिनिटं अशी निघतात:

```
=MAX(0,MIN(E2,$H$1)-MAX(D2,$G$1))*1440
```

हे सूत्र D, E, G1, H1 मध्ये तारीख न धरता फक्त वेळच असेल तर चालतं; मध्यरात्र ओलांडणाऱ्या केसेस मात्र वेगळ्या काढा.

उशिराचा आकडा मात्र जपून घ्या. बऱ्याच ठिकाणी केस पुढे ढकलली की सॉफ्टवेअरमध्ये ठरलेली वेळच बदलतात. मग ९ ची केस ९:४५ ची होते आणि कागदावर अगदी वेळेत लागते! म्हणून आदल्या संध्याकाळी अंतिम झालेली ओटी लिस्ट रोज वेगळी साठवा आणि तिच्याशीच तुलना करा. सवलत ५ मिनिटांची की १५ ची, तेही आधीच ठरवा.

शेवटी मिनिटांचा शेवटचा आकडा तपासा. खऱ्या नोंदीत ० किंवा ५ वर संपणाऱ्या वेळा साधारण २० टक्के असायला हव्यात. त्या ७०-८० टक्के निघाल्या, तर सिस्टरांनी हातातलं काम उरकून नंतर अंदाजाने भरलंय असं समजा (त्यांचा दोष नाही, त्या वेळी हात मोकळे नसतात). अशा नोंदींवरून ५ मिनिटांच्या उशिराबद्दल कोणाला जाब विचारू नका. काही दिवसांच्या वेळा भूलतज्ज्ञांच्या चार्टशी ताडून पाहिल्या की किती मिनिटांपर्यंत विश्वास ठेवायचा ते कळेल.