रेशोच्या व्याख्यानावरून कृषी केंद्रासाठी एक्सेलचा साचा

प्रश्न: बी.कॉम.च्या वर्गात रेशो ॲनालिसिसचे व्याख्यान झाले, त्याच्या नोंदी वहीत आहेत. त्यावरून आमच्या गावच्या कृषी केंद्रासाठी सूत्रे आणि अर्थ सांगणाऱ्या टिपा असलेला एक्सेलचा साचा कसा तयार करावा?

उत्तर: यवतमाळ भागातील काही कृषी केंद्रांचे हिशेब मी पाहतो, त्यामुळे त्याच धंद्याला धरून सांगतो. वहीतील प्रत्येक रेशोसमोर आधी तीन गोष्टी लिहा: वर काय, खाली काय, आणि सरांनी सांगितलेला अर्थ कोणत्या धंद्याला लागू होतो. बहुतेक नोंदींत तिसरी गोष्ट सुटते आणि साचा नेमका तिथेच फसतो.

Data नावाच्या शीटवर फक्त आकडे ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तेवढेच बदलावे लागतील. B2 मध्ये रोख व बँक, B3 मध्ये ग्राहकांकडील येणी, B4 मध्ये मालाचा साठा, B5 मध्ये चालू देणी (कंपन्यांची देणी आणि बँकेचे कॅश क्रेडिट धरून) आणि B6 मध्ये वर्षाची उधार विक्री भरा. रोखीची विक्री B6 मध्ये मिसळली, तर उधारी आहे त्यापेक्षा ताजी दिसते. दुसऱ्या शीटवर करंट रेशो, क्विक रेशो आणि वसुलीचे दिवस यांची सूत्रे याच क्रमाने B2, B3 आणि B4 मध्ये टाका:

```
=IF(Data!B5=0,"",SUM(Data!B2:B4)/Data!B5)
=IF(Data!B5=0,"",(Data!B2+Data!B3)/Data!B5)
=IF(Data!B6=0,"",Data!B3/Data!B6*365)
```

समजा, 31 मार्चला रोख 1 लाख, येणी 8 लाख, साठा 6 लाख, चालू देणी 10 लाख आणि वर्षाची उधार विक्री 40 लाख आहे. करंट रेशो 1.5 येतो, क्विक रेशो 0.9 येतो आणि वसुलीचे दिवस 73 येतात. वहीप्रमाणे टीप लिहायची झाली तर 'उधारी सुमारे अडीच महिन्यांत वसूल होते' अशी होईल, आणि ती चुकीची ठरेल. कारण 73 हा आकडा विक्री वर्षभर सारखी होते असे धरून निघतो, आणि आपल्याकडे बियाणे-खताची उधारी जून ते सप्टेंबरमध्ये चढते, तर वसुली सोयाबीन आणि कापसाचे चुकारे हाती आल्यावर होते. जानेवारी ते मार्च या महिन्यांत विक्रीच थोडी असते, मग मार्चअखेरची 8 लाखांची येणी त्या काळातली कशी असतील?

म्हणून Months नावाची तिसरी शीट करा. A2 मध्ये मार्च, त्याखाली फेब्रुवारी असे उलट्या क्रमाने A13 मध्ये एप्रिलपर्यंत या. B मध्ये त्या महिन्याची उधार विक्री आणि C मध्ये महिन्याचे दिवस लिहा. पहिल्या ओळीत D आणि E वर फक्त शीर्षके ठेवा. D2 आणि E2 मध्ये खालील सूत्रे टाकून तेराव्या ओळीपर्यंत ओढा:

```
=MIN(B2,Data!$B$3-SUM(D$1:D1))
=IF(B2=0,IF(Data!$B$3>SUM(D$1:D2),C2,0),D2/B2*C2)
```

येणी शेवटच्या महिन्यापासून मागे मागे वजा होत जातात आणि E ची बेरीज उधारीचे किमान वय सांगते. आपल्या उदाहरणात मार्च व फेब्रुवारीची उधार विक्री प्रत्येकी अर्धा लाख, जानेवारी व डिसेंबरची प्रत्येकी 1 लाख, नोव्हेंबरची 2 लाख आणि ऑक्टोबरची 3 लाख धरा. बरोबर 8 लाख भरतात आणि फेब्रुवारी 28 दिवसांचा धरला तर दिवस येतात 182. म्हणजे सर्वांत जुने थकीत बिल निदान ऑक्टोबरचे आहे. प्रत्यक्षात ते जूनचेही असू शकते, कारण ही रीत जुनी बिले आधी फिटली असे मानते. D ची बेरीज येणींपेक्षा कमी भरली, तर उरलेली रक्कम या बारा महिन्यांच्या आधीची आहे.

आता टीप. ती सूत्रानेच बदलली पाहिजे. वसुलीच्या दिवसांखाली B5 मध्ये `=SUM(Months!E2:E13)` ठेवा, B6 मध्ये तुम्हाला चालेल तेवढा फरक लिहा (मी 60 दिवस धरतो), आणि B7 मध्ये:

```
=IF(B4="","",IF(B5-B4>B6,"येणी जुनी: नावनिहाय यादी तपासा","फरक मर्यादेत"))
```

ही टीप आली की खतावणीतून नावनिहाय यादी काढावी. यादीत 3 लाख मागच्या हंगामाआधीचे निघाले, तर ते वगळून क्विक रेशो 0.9 वरून 0.6 वर येतो. बँकाही कॅश क्रेडिटची उचल ठरवताना सहसा ठरावीक मुदतीपेक्षा जुनी येणी धरत नाहीत, त्यामुळे मालकाला दाखवायचा आकडा हाच.

करंट रेशोसमोर '2:1 असावा' एवढेच लिहू नका, 'मार्चअखेरचा आकडा, जूनमध्ये साठा आणि देणी दोन्ही वाढतात, तेव्हा पुन्हा काढावा' असे लिहा. खरे आकडे भरण्याआधी वरचे उदाहरण साच्यात टाकून पाहा. एप्रिल ते सप्टेंबरच्या ओळींत मिळून 32 लाख कसेही वाटून भरले तरी 182 च यायला हवेत. वेगळा आकडा आला, तर D च्या सूत्रातील $ चिन्हे आधी तपासा.